मल्लप्पानं विचारलं

मल्लप्पा कुणाला काही विचारत नसे. परगावी वाट चुकला तर सापडेपर्यंत चालायचा. भाजीवालीपुढं आणा टाकायचा आणि ती देईल ते घेऊन यायचा. "इचारलं की मानूस ल्हान होतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. सोलापुरातल्या आमच्या कापड गिरणीत तो जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम. माग बिघडला की साहेबसुद्धा त्यालाच बोलवायचे. पस्तिशी आली तरी गडी एकटाच. आईबाप लहानपणीच गेलेले.

असा माणूस एका गुरुवारी डबा सोडता सोडता मला म्हणाला, "शिवा, तुजं लगीन ठरलंय का रं?"

"न्हाय की."

"कुटं बोलणी? पोरगी बगितली? घरच्यांनी कुणाला शबूद दिलाय?"

"काईच न्हाय."

"हं. रविवारी सुट्टी. गावाकडं जाणार? दिवसभर मोकळा?"

घरमालकीण गंगव्वानं ऐकताच निकाल दिला, "आदी लगीन इचारलं, मग सुट्टी इचारली. पोरगी दाखवायची हाय रे बाबा! उगं कोण इचारतंय?" मी हुरळलो. धोतर परटाकडं टाकलं. एकच खटकत होतं. मी मोकळा आहे म्हटल्यावर मल्लप्पाचं तोंड उतरलं होतं, आणि पोरगी दाखवणारा तर खूश व्हायला हवा!

रविवारी मैंदर्गीच्या मोटारीत त्यानं सांगून टाकलं. "पोरगी मलाच बगायची हाय. पोराकडचं कुणीतरी लागतं. माजं कोण हाय? पर तू देखणा, त्यात बिनलग्नाचा. तितं तुलाच पसंत केलं म्हंजे? ठरलेलं असतं तर बरं झालं असतं."

राग यायला हवा होता. पण एवढ्या गिरणीत या मानी माणसानं विचारलं ते मला! खरं सांगतो, माझी छाती फुगली.

मुलीकडं पानसुपारी झाली. मुलगी येऊन, बसून, आत गेली. तिच्या वडलांनी विचारलं, "पोराकडचं कोण?"

"मी. भाऊ," मी म्हणालो.

म्हातारा माझ्याकडं बघतच राहिला. "तुमचं जमलंय का कुटं? येत्या रविवारी हाय का सवड? आमची पुतणी..."

आता या प्रश्नांचा अर्थ मला कळत होता. मल्लप्पाच्या हातातली सुपारी हातातच राहिली होती.

"माझं ठरलंय," मी ठणकावून सांगितलं. "पण आमच्या अण्णासारखा माणूस अख्ख्या गिरणीत न्हाय. साहेब त्याला बोलावून नेतात!" आणि मग मी जो सुटलो, तो म्हाताऱ्यानं होकार दिल्यावरच थांबलो.

आम्ही परतीची मोटार धरली. सोलापूरच्या गिरण्यांच्या चिमण्या दिसू लागल्या तेव्हा त्यानं घसा खाकरला.

"शिवा, फुडच्या रविवारी मोकळा हाईस का?"

"का रं?"

"तुज्यासाटी पोरगी बगू की. पोराकडचं मोटं मानूस म्हणून मी येतो. येऊ का?"

पाठोपाठ दोन प्रश्न! आणि माणूस काही लहान दिसत नव्हता.