न नेसलेली पैठणी

‘सूक्ष्म नजर, अथांग बुद्धी, निर्भय छाती’ ही विशेषणं गुरुदत्त करंदीकरांनी आपल्या व्हॉट्सॲपवर स्वतःच्या नावाखाली स्वतःच लिहिली होती. असली नाजूक कामं दुसऱ्यावर सोपवू नयेत, हे त्यांचं मत. वर फोटो होता: लांब कोट, गोल टोपी, ओठात पाइप. मूळ फोटो बेलवलीतल्या एका मुंजीतला, आणि पाइपाच्या जागी तेव्हा मठ्ठ्याचा ग्लास होता. कोट-टोपी मोबाइलमधल्या ॲपने चढवली होती. शेजारी त्यांचा मेहुणा उन्मेष उभा होता. ॲपने त्यालाही खाकी गणवेश घालून सलाम ठोकायला लावलं होतं.

उन्मेषला कुणी विचारलं नव्हतं. तेव्हापासून अंबरनाथच्या त्याच्या ऑफिसात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्याला ‘हवालदार’ म्हणत. तो कसनुसं हसायचा. बहिणीचा नवरा पडला, बोलणार काय? शिवाय स्कूटर उन्मेषची होती आणि गुन्हेगारांचा पाठलाग गुरुदत्तांना पायी जमत नसे.

तर दिवाळीच्या आधीच्या एका शनिवारी गुरुदत्तांच्या वरच्या मजल्यावरची हिमानी रडवेली होऊन खाली आली. पोरगी नोकरी करणारी, तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी आवाज अगदी खोल गेला होता. तिची शाळेपासूनची मैत्रीण यशोधरा तिच्याशी बोलायची बंद झाली होती. दोघी एकाच कॉम्प्लेक्समध्ये राहायच्या, रोज एकत्र कामाला निघायच्या. आता यशोधरा आधीची गाडी पकडायची.

“मी सॉरी म्हटलं, काका. मनापासून म्हटलं. तरी ती ढिम्म. का, ते शोधून द्या.”

गुन्हेगारानेच डिटेक्टिव्ह लावायचा, हा प्रकार उन्मेषला नवीन होता. गुरुदत्तांनी डोळे मिटले. मिटल्यावर त्यांना जास्त दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

हिमानीने घडलेलं सांगितलं. नवरात्रातला हिरव्या रंगाचा दिवस. कॉम्प्लेक्समधल्या बायका हिरव्यागार होऊन फोटोला उभ्या. तेवढ्यात यशोधरा पांढरी साडी नेसून बाहेर पडत होती. बौद्धांचा वर्षावास चालू होता, अंबरनाथच्या विहारात ग्रंथवाचन असायचं आणि त्या दिवशी वाचायची पाळी पहिल्यांदाच तिच्याकडे आली होती. हिमानीने हात धरून तिला ओळीत उभं केलं. फोटो झाला, यशोधरा गेली. मग हिमानी फोटो बघत बसली. सगळ्या हिरव्या आणि मधेच ही एक पांढरी. डोळ्यांना खुपायला लागलं.

तिने ॲप उघडलं. यशोधराच्या साडीवरून बोट फिरवून तेवढा भाग निवडला, खाली लिहिलं ‘हिरवी पैठणी’. चहाला उकळी फुटायच्या आत ॲपने तीन नमुने पुढे ठेवले. पैठणी म्हटल्यावर नथ आणि चंद्रकोर आलीच, असं ॲपचं परस्पर मत, तेव्हा तीही आली. एका हाताची बोटं पदरात विरघळली होती आणि पर्सचा पट्टा खांद्यावर येऊन गुप्त झाला होता, पण लांबून कळत नव्हतं. हिमानीने त्यातला बरा नमुना इन्स्टाग्रामवर टाकला, यशोधराला टॅग केलं, उल्हासनगरच्या एका साडीवाल्याची ‘आजचा रंग’ स्पर्धा होती म्हणून त्यालाही टॅग केलं आणि वर कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर पाठवला. दुकानदाराने तो लगेच आपल्या पानावर चिकटवला.

यशोधराचा एवढाच मेसेज आला होता, ‘हे काय आहे?’ त्यावर हिमानीने पाठवलेली माफी अशी:

‘यशू, फोटोवरून तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी हं. हेतू चांगलाच होता. तू खरंच क्यूट दिसत होतीस! एवढं मनावर नको घेऊस.’

शेवटी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं एक तोंड आणि जोडलेले हात.

गुरुदत्तांनी मेसेज भिंगातून वाचला. मोबाइलवर अक्षरं बोटांनी मोठी होतात हे त्यांना ठाऊक होतं, पण भिंग त्यांनी हौसेने घेतलेलं होतं. “मेसेज निर्दोष आहे,” ते म्हणाले. “सॉरी आहे, हेतू आहे, स्तुती आहे. म्हणजे दोष वाटेत आहे.”

पहिला सिद्धांत निघाला: मेसेज पोहोचलाच नाही. हिमानीने निळ्या खुणा दाखवल्या. वाचला, पण यशोधराने नव्हे, असा दुसरा सिद्धांत तात्काळ हजर झाला. संशय पहिल्या मजल्यावरच्या रिद्धीवर, कारण तिने त्या फोटोला हृदय दिलं नव्हतं. रिद्धीकडे चौकशी केली तेव्हा कळलं की तिचा फोन नवरात्रभर दुरुस्तीला होता. एक आख्खा दिवस रिद्धीच्या जिन्यात पाळत ठेवून त्यांनी हे मिळवलं. ती सहज सांगायला तयार होती.

तिसऱ्या सिद्धांताने मात्र उन्मेषचं पेट्रोल खाल्लं. गुरुदत्त म्हणाले की प्रश्न पैठणीच्या रंगाचा आहे. बायकांना चुकीची छटा सहन होत नाही, हे मानसशास्त्र आहे. तेव्हा ती पैठणी शोधायची. ती साडी जगात कुठेच नाही, यंत्राने रंगवलेली आहे, हे उन्मेषने परोपरीने सांगितलं. पण गुरुदत्तांचा न्याय असा की फोटोत वस्तू दिसते म्हणजे ती कुठेतरी असणारच. स्वतःच्या पाइपाचा त्यांना सोयीस्कर विसर पडला होता.

उल्हासनगरच्या दुकानात मुकेशशेठ कपाळाला हात लावून बसले होते. “साहेब, तुम्ही पण तीच साडी मागणार क्या?” ते म्हणाले. फोटो पानावर टाकल्यापासून बायका येऊन तोच पदर मागत होत्या. त्या पदरावरचा मोर अर्धा मोर, अर्धा आंबा. कारागिरांना दाखवला तर ते हसले. उन्मेषने विचारलं की मग पानावरून काढला का नाही. शेठ म्हणाले, ज्या मॅडमनी टॅग केलं त्यांनी काढा म्हटलंच नाही, आपण तर समजत होतो की फोटोतल्याच मॅडमनी पाठवलाय. हे ऐकून उन्मेषच्या डोक्यात काहीतरी हललं. गुरुदत्त मात्र तोवर त्या हिरव्याच्या जवळपासची एक खरी साडी बांधून घेत होते.

“हीच तिला भेट द्यायची. केस खलास.”

अंबरनाथला यशोधरा एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. जेवणाच्या सुट्टीत ती फाटकाबाहेरच्या बाकावर आली. गुरुदत्तांनी खाकरून आपले निष्कर्ष मांडले, छटेचं मानसशास्त्र सांगितलं आणि साडी पुढे केली. यशोधराने साडीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. उन्मेषला वाटलं, आता बाकाखाली शिरावं.

“भाऊजी, जरा थांबा,” तो म्हणाला. पाच वर्षांच्या सहाय्यकपणात त्याने भाऊजींना प्रथमच थांबवलं होतं. मग तो यशोधराकडे वळला. “तुम्हाला राग कशाचा आला?”

यशोधराने पुढे आलेली साडी हाताने बाजूला सारली.

“फोटोच्या वेळी मला कुणी विचारलं नाही, आणि त्यानंतरही हे विचारणारे तुम्ही पहिलेच,” ती म्हणाली. तिची सुंदरामावशी विहारात नेणारी, वाचायला बसवणारी. आई गेल्यावर तिनेच यशोधराला सांभाळलेलं. ती पांढरी साडीही मावशीनेच दिलेली. मावशीने मोठ्या कौतुकाने त्या दिवसाचा फोटो मागितला होता. तो द्यायच्या आधीच कुणीतरी मावशीला हा हिरवा पाठवला, नथ-चंद्रकोरीसकट. मावशीला वाटलं, पोरगी विहारात पांढरी नेसून आली आणि बाहेर पडल्यावर कपडे बदलून फोटोला उभी राहिली. पोरीला आपली लाज वाटली, असं मावशीने धरलं. यशोधराने सांगितलं की फोटो खोटा आहे, पण फोटो तर समोर दिसत होता, आणि तो अजूनही तसाच होता, हिमानीच्या पानावर, दुकानाच्या पानावर, ग्रुपवर. मावशी तेव्हापासून फोन उचलत नव्हती.

“आणि ही म्हणते, तुला वाईट वाटलं असेल तर. काय केलं ते कुठे लिहिलंय त्यात? माझी साडी काढून टाकली, तेही तिला पांढरी नको होती म्हणून. आणि वर म्हणे क्यूट. मला ती मैत्रीण म्हणून चालते, फोटोत चालत नाही.”

उन्मेषने तिथूनच हिमानीला फोन लावून हे सगळं शब्द न बदलता सांगितलं. पोस्ट का काढली नाहीस, असं त्याने विचारलं. तर म्हणे, लाइक खूप आले होते. म्हणाली आणि लगेच ‘काढते’ म्हणून पुटपुटली.

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” फोन ठेवल्यावर उन्मेष म्हणाला. भाऊजींना तो कौतुकाचा शब्द वाटला.

संध्याकाळी हिमानीने पाठवलेला मेसेज यशोधराने नंतर उन्मेषला दाखवला:

‘यशोधरा, मी तुझा फोटो तुला न विचारता ॲपमध्ये टाकला, तुझी पांढरी साडी बदलून पैठणी केली, नथ आणि चंद्रकोर आली ती तशीच ठेवली आणि फोटो सगळीकडे टाकला. पांढरा रंग मला ओळीत नको होता म्हणून. ते चुकलं. इन्स्टावरून काढला आहे. मुकेशशेठना सांगितलं, त्यांनीही काढला. ग्रुपवर उशीर झाल्यामुळे माझ्याकडून सगळ्यांसाठी डिलीट होत नाही, म्हणून तिथे लिहिलंय की फोटो खोटा आहे, मी केला आहे, तू पांढऱ्या साडीत होतीस, सगळ्यांनी तो पुसावा. ज्यांनी सेव्ह केला असेल ते पुसतीलच, असं मी सांगू शकत नाही. ॲपमध्ये होता तो पुसला, त्यांच्याकडे काय राहिलं असेल ते मला माहीत नाही. खरा फोटो फक्त तुला पाठवते आहे, मी कुठेही टाकणार नाही. मावशींना मी स्वतः जाऊन सांगेन, तू हो म्हणालीस तरच. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.’

हसणारं तोंड नव्हतं. हातही नव्हते.

यशोधराने दुसऱ्या दिवशी फक्त ‘वाचलं’ असं लिहिलं. मग दोन दिवसांनी ‘चल’. त्या रविवारी दोघी अंबरनाथला मावशीकडे गेल्या. हिमानीने मावशीसमोर सगळं सांगितलं, मोबाइलवर खरा फोटोही दाखवला. सुंदराबाईंनी तो कितीतरी वेळ पाहिला. मग भाचीला म्हणाल्या, “पदर नीट घ्यायला कधी शिकशील?” यशोधरा रडायला लागली. हिमानीकडे मावशीने पाहिलं नाही, पण चहाचा कप तिच्याही पुढे आला. यशोधरा अजून आधीचीच गाडी पकडते. हिमानी आता त्याच गाडीला असते, जरा लांब उभी.

गुरुदत्तांनी ‘आणखी एक यशस्वी तपास’ असं स्टेटस ठेवलं, आपल्या कोट-टोपीच्या फोटोसह. ते पाहून उन्मेष त्यांच्या घरी गेला.

“भाऊजी, तो फोटो काढा.”

“अरे, रुबाबदार दिसतोस त्यात.”

“मी दिसतच नाही त्यात. हवालदार दिसतो. ऑफिसात मला माझ्या नावाने कुणी हाक मारत नाही.”

गुरुदत्त म्हणाले, तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी. उन्मेष नुसता बघत राहिला. निर्भय छाती खालीवर झाली आणि गुरुदत्त दिवाणावर बसले. अथांग बुद्धीला तळ लागायला तेवढा वेळ पुरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्मेषच्या फोनवर मुंजीतला खरा फोटो आला. गुरुदत्त, चुरगळलेला सदरा, हातात मठ्ठ्याचा ग्लास, मिशीला पांढरी कड. शेजारचा अर्धा भाग कापलेला. खाली लिहिलं होतं:

‘तुझा गणवेश मी न विचारता चढवला. सगळीकडून काढला. तुझ्या ऑफिसातल्यांना मीच पाठवला होता, त्यांनाही कळवलं. हा खरा फोटो ठेवताना तुला विचारलं नव्हतं, म्हणून तुझी बाजू कापली. आता विचारतो, उन्मेष. ठेवू का?’

उन्मेषने सावकाश उत्तर लिहिलं, ‘मला ठेवा. पण मठ्ठाही राहू द्या.’