कॅप्शनच्या पहिल्या दोन ओळी

लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला 'दोन जीव, एक श्वास' छापाचं काही लिहायचं नाही, हे त्याने कधीच ठरवून टाकलं होतं. तो लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. बिघाड झाकून ठेवला की काय होतं, हे रोज बघायचा. "खरं लिहिणार. वाचणाऱ्याचा अंगठा जागच्या जागी थांबला पाहिजे," असं त्याने बायकोला ऐकवलंही. ती दातांची डॉक्टर. तोंडात ब्रश होता, त्यामुळे ती फक्त "हं" म्हणाली.

वाढदिवसाच्या सकाळी कामावर पोचताच त्याने फोटो चढवला. थंडीतला, दोघं पांघरुणं लपेटून बसलेले. खाली लिहिलं:

"वर्षभर सहन केलं, आता लपवून काय उपयोग? या बाईबरोबर एका पांघरुणात झोपणं मला शक्य नाही.

तिला पंखा पाचवर लागतो, मला दोनवर. शेवटी दोन पांघरुणं घेतली, पंखा तीनवर ठेवला, आता दोघंही थोडे थोडे नाराज झोपतो. मी नळ घट्ट बंद करायला शिकलो. ती कपाटाचं दार लावायला शिकतेय. बाथरूमच्या जाळीत अडकलेले तिचे केस मी रोज काढतो आणि बोलत नाही. पहिलं भांडण झालं तेव्हा वाटलं, संपलं सगळं. आता भांडण झालं की एवढाच प्रश्न पडतो, चहा कोण करणार. हिच्याशिवाय घर नको."

बायकोला टॅग केलं, म्हणजे तिच्या मैत्रिणींनाही दिसेल. मग हत्यारांची पिशवी उचलून तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरला. तिथे रेंज नसते.

ज्याने लिहिलं त्याला सगळं पाठ असतं. बाकीच्यांना फोटोखाली दिसतात पहिल्या दोन ओळी, आणि शेवटी फिकट अक्षरात 'आणखी'. त्यावर बोट ठेवलं तरच पुढचं उघडतं. हे त्याला माहीत होतं, पण आपल्याच बाबतीत लक्षात आलं नाही.

तो वर आला तेव्हा फोन नुसता थरथरत होता. पहिला फोन आत्यांचा.

"कुठे होतास?"

"खड्ड्यात."

"ते दिसतंच आहे. अरे, असं चारचौघांत मांडतात का? मी तिच्या आईला कळवलंय."

"काय कळवलंस?"

"स्क्रीनचा फोटो काढून पाठवला. घरच्या ग्रुपवरही टाकला. माणसं बसून मार्ग काढतील."

"आत्या, खाली 'आणखी' लिहिलंय, त्यावर बोट ठेव."

"आणखी नको रे बाबा. एवढं पुरे झालं."

त्याने घाईघाईने कॅप्शन बदलली आणि 'हिच्याशिवाय घर नको' हे वाक्य सगळ्यात वर आणलं. पण आत्यांनी पाठवलेला स्क्रीनचा फोटो काही बदलेना. तो एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरतच राहिला. शिवाय पोस्टखाली 'बदल केला' अशी खूण उमटली. लगेच आत्यांचा संदेश: "समज दिली वाटतं कोणीतरी."

मग सासूबाई. त्यांचा आवाज नको इतका मऊ होता. "जावईबापू, पांघरूण लहान पडतं का? तसं सांगायचं होतं ना."

बायको मात्र फोन उचलेना. बाकीच्यांनी काहीही वाचो, तिने एवढंच वाचलं असलं तर? त्याने साहेबांकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली आणि तडक दवाखाना गाठला.

ती मास्क आणि हातमोज्यांसकट बाहेर आली. डोळे लाल होते.

"आईने फोटो पाठवला," ती म्हणाली. "लवकर बोल. आत एकाचा दात अर्धा कोरून ठेवलाय."

"बोलत नाही. तू वाच."

हातमोजे असल्यामुळे तिला फोन धरता येईना. त्याने समोर धरला आणि तिची नजर जाईल तसं वर सरकवत गेला. पंख्यापाशी तिच्या भुवया जरा खाली आल्या. केसांपाशी ती थांबली.

"केस तू काढतोस? रोज?"

"हो."

"मला वाटायचं, आपल्या बाथरूममधल्या पाण्याचा निचराच छान आहे."

मास्कच्या वर तिचे डोळे हसले. त्याने फोन खाली घेतला.

"पण नळ अजून टपकतो," जाता जाता ती म्हणाली. "'शिकलो' नाही, 'शिकतोय' लिही."

त्याने तिथेच उभं राहून ती दुरुस्ती केली.

संध्याकाळी आत्या आणि सासूबाई मार्ग काढायला हजर झाल्या. बघतात तर नवरा-बायको एका ताटलीतला केक खाताहेत. त्याने आत्यांचं बोट धरून 'आणखी'वर ठेवलं. कॅप्शन उलगडली. आत्यांनी चष्मा सावरून शेवटपर्यंत वाचलं.

"म्हणजे सगळ्यांच्याच खाली असं असतं?"

"लांब लिहिलं तर असतं."

आत्या फोन घेऊन कोपऱ्यात बसल्या आणि सगळ्यांच्या जुन्या पोस्ट एकेक करून उघडत सुटल्या. मध्येच थबकल्या. त्यांच्या जाऊबाईंनी कधीतरी लिहिलं होतं, काही नाती नुसती नावाला असतात. तेव्हापासून आत्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. 'आणखी'च्या खाली लिहिलं होतं, पण माझी जाऊ तशी नाही.

आत्या उठून फोन लावत गॅलरीत गेल्या. बराच वेळ त्यांचा हळू आवाज येत राहिला, मग दोनदा हसणं. परत आल्या तेव्हा नाक लाल होतं. भाच्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या,

"छान लिहिलंयस. फक्त लांब झालंय."