तिसऱ्या पानावरचे अभिप्राय

लिहिणाऱ्या माणसाला परखड अभिप्राय हवा असतो, याबद्दल दुमत नाही. तो अभिप्राय काय असावा हे त्याने आधीच ठरवलेले असते. समोरच्याने तो फक्त बरोबर ओळखायचा असतो. हे काम शिस्तीने व्हावे म्हणून धुळ्यात, देवपूर भागात, आमचे 'कच्चा खर्डा श्रवण मंडळ' स्थापन झाले. मी त्याचा चिटणीस. जिल्हा परिषदेच्या आवक-जावक शाखेत तेहतीस वर्षे काढल्यामुळे नियमावली मीच लिहिली आणि ती निर्दोष आहे.

नियम एक: खर्डा लेखकाने स्वतः वाचावा. नियम दोन: खर्डा वाचून झाल्यावर लेखकाने खुलासा करू नये. नियम तीन: प्रत्येक अभिप्राय ज्याच्या त्याच्या शब्दांत, पदरची साखर न घालता, वहीत उतरवून घ्यावा. नियम चार: लेखकाला एकच प्रश्न विचारता येईल, तो म्हणजे 'नेमके कुठल्या ओळीला?' नियम पाच: टीका चालू असताना लेखकाच्या तोंडात केळीचे वेफर्स असावेत. (संपल्यास आणखी आणावेत.) चार वर्षांत आम्ही एकतीस खर्डे ऐकले. पैकी सव्वीस लेखकांनी घास गिळताच 'तुम्हांला ते कळलंच नाही' असे सांगितले, चौघे पाणी प्यायला म्हणून उठले ते अजून परतायचे आहेत, आणि एकाने अभिप्राय मान्य केले. (त्याची प्रकृती आता बरी आहे.)

गेल्या मार्चमध्ये माझी पाळी आली. माझे थोरले बंधू वनाभाऊ चोपड्याला असतात, केळी लावतात. त्यांना पंच्याहत्तर पूर्ण होणार होती, आणि अकरा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललेलो नव्हतो. आई गेली तेव्हा मी पोहोचायच्या आत त्यांनी अंत्यविधी उरकला, हे त्याचे कारण. आता दोघांचीही वये झाली होती. काहीतरी लिहून त्यांच्या हातात द्यावे आणि बोलणे सुरू व्हावे, एवढीच माझी इच्छा होती. 'माझा भाऊ' या शीर्षकाची पाच पाने मी लिहिली. लिहिताना दोनदा डोळे भरून आले, त्यामुळे लेखन उत्तम झाले आहे याची खात्रीच होती.

बैठक नेहमीप्रमाणे भिकुबाईंच्या खानावळीत पुढच्या खोलीत भरली. मी वाचले. वेफर्स तोंडात घेतले. वही उघडली.

अध्यक्ष पंडितनाना, निवृत्त मुख्याध्यापक, म्हणाले, "तिसरं पान कोरडं आहे. तिथे सातपुड्याचं निसर्गवर्णन घाला. शेवटी तरुण पिढीला संदेश द्या."

कापड दुकानवाले मदनलालभाऊ म्हणाले, "उलट कापा. तिसऱ्या पानावर गिऱ्हाईक उठून जातं, प्रकाशभाऊ."

शीतल कॉलेजात शिकवते. ती म्हणाली, "काका, त्या दिवशी बस बंद पडली म्हणून उशीर झाला, हे तुम्ही तिथे तीन परिच्छेद सांगता. एवढं सांगितल्यावर मला ते खरं वाटेनासं होतं."

भिकुबाई पोळ्या लाटता लाटता ऐकत होत्या. सोनगीरकडच्या. चार इयत्ता शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "यामा तुमना भाऊ कोठे शे, प्रकाशभाऊ? बठ्ठीकडे तुम्हीच शेतस."

भाऊ कुठेच नाही, सगळीकडे मीच? माझे कान तापले. भिकुबाईंना उत्तर देण्यासाठी मी इतक्या वेगाने चावू लागलो की शीतलने बशी पुन्हा भरली. मला राग आला नव्हता. (आला होता. घरी येईपर्यंत मी भिकुबाईंच्या आमटीतले सतरा दोष मोजले.)

आता अभिप्रायांची निवड. नियमावलीत यावर एक अक्षर नाही, कारण ते मला सुचले नव्हते. मी आपल्याकडची रुळलेली पद्धत वापरली. लग्नात पहिला टॉवेल-टोपी कोणाला, यावर जसा यादी करताना विचार होतो, तसा मी अभिप्रायांचा मानपान ठरवला. पंडितनाना वयाने आणि पदाने मोठे, म्हणून संपूर्ण मान्य. मदनलालभाऊ मंडळाचे देणगीदार, म्हणून तेही मान्य. शीतल वयाने लहान, म्हणून नोंद घेतली. भिकुबाई अमान्य. त्यानुसार तिसऱ्या पानावर दीड पान सातपुडा घातला आणि तेवढेच पान कापले. कापण्यात भावाची दोन वाक्ये गेली. शेवटी तरुण पिढीला व्यसनांपासून दूर राहण्याचा संदेश दिला.

हे मी पत्नीला, ज्योत्स्नाला, वाचून दाखवले. तिने ऐकले आणि विचारले, "सातपुडा वनाभाऊंना रोज दिसतो. तुम्ही कशाला दाखवताय?"

मग तिने वही काढून घेतली आणि चार दिवस दिली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "आता वाचा. बोलणाऱ्याचं नाव झाका."

नावे झाकल्यावर एक चमत्कारिक गोष्ट दिसली. एक म्हणत होता घाला, एक म्हणत होता कापा, एकीला खोटे वाटत होते. पण तिघेही तिसऱ्याच पानावर अडखळले होते. "औषध प्रत्येकाचं वेगळं आहे," ज्योत्स्ना म्हणाली, "पण दुखतंय कुठे ते सगळ्यांनी एकच सांगितलं. औषध तुमचं तुम्ही शोधा. आणि तरुण पिढी राहू द्या. हे तुम्ही कोणासाठी लिहिताय?"

"भाऊंसाठी."

"मग त्यांना लागेल ते ठेवा. नानांना जे लिहावंसं वाटतंय ते नानांना लिहू द्या."

अशा रीतीने निसर्ग आणि संदेश सन्मानपूर्वक निकाली निघाले. चौथ्या अभिप्रायाचा मात्र पाच दिवसांनंतरही मला तितकाच राग येत होता. चुकीच्या बोलण्याचा राग इतका टिकत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. मी पानांवर पेन्सिल घेऊन मोजणी केली. 'मी' एकशे बारा वेळा आला होता. भाऊ नऊ वेळा, त्यांतले सहा वेळा ते माझ्याकडे बघत होते.

तिसऱ्या पानावरची बस खरोखरच अमळनेरजवळ बंद पडली होती. पण ती दुपारची बस. आई गेल्याचा निरोप सकाळी सातलाच आला होता आणि आठची गाडी मला मिळाली असती. त्या दिवशी कार्यालयात मोठ्या साहेबांची तपासणी होती. माझी आवक नोंदवही साहेबांनी स्वतः पाहावी अशी माझी इच्छा होती. (पाहिली. 'ठीक' असा शेरा दिला.) हे मी अकरा वर्षांत कोणालाही सांगितले नव्हते. मला फार लाज वाटली. मी बसचे तीनही परिच्छेद काढले आणि एकच ओळ लिहिली: 'सकाळची गाडी मी सोडली.' त्यानंतर, भाऊंनी त्या दिवशी उन्हात एकट्याने काय काय केले असेल, ते लिहिले. पाचाची अडीच पाने झाली.

वाढदिवसाच्या दिवशी चोपड्याला गेलो. भाऊंनी कागद घेतला, चष्मा लावला आणि ओसरीवर बसून वाचला. ती एक ओळ त्यांनी दोनदा वाचली. माझ्या तोंडात काहीच नव्हते, तरी मी बोललो नाही.

मग त्यांनी एका ठिकाणी बोट ठेवले. "यामा एक चूक शे."

"नेमकं कुठल्या ओळीला?"

"तू लिखं शे, दोन वाजता मायले लई गयात. दोनले नही. लोके आयकेत नव्हतात, तरी मी तीन वाजापावत तुनी वाट देखी."

लोक ऐकत नसताना तीन वाजेपर्यंत माझी वाट पाहिली, ही दुरुस्ती मी जागच्या जागी मान्य केली. लिहायला मात्र शीतलला द्यावे लागेल, माझ्याने अजून ती ओळ लिहवत नाही.

मंडळाच्या वतीने एक शेवटची नोंद. प्रस्तुत खर्डा आजवर शंभर जणांनी वाचला. शंभरही जणांना वाचताना एक असा माणूस आठवला, ज्याने हे वाचायलाच हवे. त्यातल्या एकाही वाचकाला स्वतःचे नाव सुचले नाही. आपल्यालाही आत्ता जो माणूस आठवला आहे, त्याला हे अवश्य पाठवा. आपल्याला द्यायचा एक अभिप्राय तो गेली कित्येक वर्षे गिळून बसला आहे.