तीनशे बारा फोटो आणि एक पातेलं

लेकीचे फोटो इंटरनेटवरून काढणं म्हणजे दहा मिनिटांचं काम, असं बाबांनी शनिवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता जाहीर केलं. बावीस वर्षं गोदामात तपासनिसाची नोकरी करत आलेला माणूस तो. आठ हजार खोकी त्यांनी एकदा दोन दिवसांत निकालात काढली होती. इथे तर जेमतेम तीनशे बारा फोटो!

लेक चौदा वर्षांची. दोन महिने ती हेच मागत होती आणि बाबा दोन महिने एकच उत्तर देत होते : "त्यात काय एवढं? सगळ्यांना गोड वाटतं. आणि लोक एवढं निरखून बघत नाहीत." पण सोमवारपासून तिची शाळा बदलणार होती आणि नव्या वर्गात तिला कुणीच ओळखत नव्हतं.

"तिथे सगळ्यांना आधी मी भेटायला हवी," ती म्हणाली होती, "माझं पातेलं नाही."

पातेलं म्हणजे बाबांचा सर्वांत लाडका फोटो. सहा वर्षांची लेक, पुढचे दोन दात गायब, डोक्यात भुवयांपर्यंत अडकलेलं स्टीलचं पातेलं आणि फुटलेला हंबरडा. बाबांचं खातं जगाला सताड उघडं होतं. शिवाय गेल्या वाढदिवसाला तिने स्वतःचं खातं काढलं, तेव्हा बाबांनी प्रेमाने तीनशे बाराच्या तीनशे बारा फोटोंना तिचं नाव टॅग केलं होतं. म्हणजे तिला शोधणारा थेट पातेल्यावरच येऊन आदळणार!

तर बाबा कामाला लागले. गोदामाच्या शिस्तीप्रमाणे. गोदामात कुठलीही वस्तू उचलून टाकत नाहीत. आधी तिच्यावर 'काढणे' असं लाल लेबल लावायचं, मग पडताळणी, मग सह्या आणि मग विल्हेवाट. बाबांनी प्रत्येक फोटोखाली कमेंट लिहिली : 'काढणे'. तीनशे बारा वेळा. दहा मिनिटांचे चार तास झाले. मग जेवून, पडताळणीआधी जरा पाठ टेकावी म्हणून ते आडवे झाले.

जुन्या फोटोखाली नवी कमेंट पडली की तो फोटो ताजा असल्यासारखा पुन्हा लोकांसमोर वर येतो, हे काही त्यांना ठाऊक नव्हतं. जुन्या फोटोंतली पोर दुपारभर शे-दीडशे घरांत आणि गोदामातल्या सहकाऱ्यांच्या फोनांत रांगत, रडत, नाक पुसत फिरली. ज्यांनी आधी पाहिली नव्हती त्यांनीही पाहिली. पडलेल्या दातांच्या फोटोखाली शेजारच्या दंतवैद्याने गंभीरपणे लिहिलं, 'आता काय काढणार? आधीच पडलेत.'

आत्याने मात्र धसका घेतला. भावाचं डोकं फिरलंय आणि तो घराण्याचा ठेवा नष्ट करतोय अशी खात्री पटल्यावर तिने दिसतील तेवढे फोटो उतरवून घेतले. त्यातले चाळीस निवडले, त्यांना बासरीचं संगीत लावलं आणि तो व्हिडिओ स्वतःच्या खात्यावर सर्वांसाठी टाकला. भाचीला टॅग करून.

बाबांना लेकीने उठवलं. "बाबा, तू नक्की काय काढलंस?"

बाबांनी घाईघाईने सगळे फोटो खरोखरच पुसले. पण आत्याच्या प्रती आता आत्याच्या होत्या, त्यांना धक्काही लागला नाही. लेकीने आपला टॅग काढला. नाव गेलं, चेहरा राहिला. आता तो व्हिडिओ एक तर आत्याने काढायचा, नाही तर तक्रार करून कंपनीच्या उत्तराची वाट बघत बसायचं.

"जाऊ दे गं," बाबा चाचरत म्हणाले. "दोन दिवसांत विसरतील सगळे."

तेवढ्यात लेकीचा फोन वाजला. नव्या वर्गातल्या एका मुलीने वर्गाच्या यादीतलं नाव शोधून पातेल्याचा स्क्रीनशॉट पाठवला होता. 'ही तूच ना? आणि पातेल्यात कोण आहे?'

पातेल्यात? लेकीने फोटो मोठा केला. स्टील चकचकीत होतं. त्यात फोटो काढणारा माणूस स्वच्छ उमटला होता : नुकती आंघोळ झालेला, ढेरी पुढे, आणि कमरेला टॉवेल. तोही सुटण्याच्या बेतात.

बाबांनी तडक बहिणीला फोन लावला. "ताई, आत्ताच्या आत्ता काढ तो व्हिडिओ. पातेल्यात मी दिसतोय, आंघोळीहून आलेला!"

"अरे, टॉवेल आहे ना?" ताई शांतपणे म्हणाली. "त्यात काय एवढं? सगळ्यांना गोड वाटतंय."

"लोक एवढं निरखून बघत नाहीत, बाबा," लेक दाराला टेकून म्हणाली.

"पण मला कुणी विचारलं होतं का?" बाबा ओरडले, आणि लेकीकडे बघून त्यांनी फोन कानापासून खाली घेतला.

लेकीने त्यांच्या हातातून फोन घेतला. "आत्या, मी बोलतेय. मला नको आहेत ते फोटो तिथे."

"अगं, तू नको म्हणतेस होय!" आत्या चपापली. "मला वाटलं, हा वेडा म्हणतोय." मिनिटभरात व्हिडिओ गेला.

लेकीने त्या मुलीलाही स्क्रीनशॉट पुसायला सांगितलं. 'पुसला,' तिचं उत्तर आलं. 'माझी आई पण अशीच आहे. सोमवारी माझ्या बाकावर बस.'

सोमवारी लेक हसतच शाळेत गेली. बाबाही सुटलो म्हणत गोदामात शिरले. तिसऱ्या मांडणीवर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, पातेल्यातल्या माणसाचा मोठा करून छापलेला फोटो चिकटवलेला होता. त्यावर लाल लेबल होतं : 'काढणे'. आणि खाली, नियमाप्रमाणे, पडताळणी करणाऱ्या अकरा जणांच्या सह्या.