कपाटावरचं मांजर

माझ्या हातात कला आहे हे मला पाचवीतच कळलं. इतरांना अजून कळायचंय!

विज्ञानाच्या वहीच्या कोपऱ्यात मी हलतं चित्र काढायला घेतलं. मांजर कपाटाच्या कडेला येतं आणि खालच्या बादलीत पडतं, एवढीच गोष्ट. पहिलं मांजर अगदी शेवटच्या पानावर काढलं. मग त्याच्या आधीचं पान वर टाकलं की खालचं मांजर पुसट दिसायचं. ते गिरवायचं, फक्त जरासं सरकवून. प्रत्येक पानावर मोजून तेवढंच! शेवटी अंगठ्याने मागून पुढे पानं सोडली, तर मांजर खरंच हललं.

शेजारच्या बाकावरची पिंगी बघून म्हणाली, "मांजर आहे की लिफ्ट? किती शिस्तीत उतरतंय!"

मला असा राग आला! सगळं खोडलं आणि भर तासाला पुन्हा सुरुवात केली. मांजर कडेपाशी आलं आणि नेमके सर माझ्याकडे टक लावून बघायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू कुणीच पाहिलं नव्हतं. भीतीने माझं डोकंच चालेना. हात थांबला तर पकडली जाईन, म्हणून मी पानामागून पान तेच मांजर जसंच्या तसं गिरवत सुटले. सर वळले तेव्हा कोरे कोपरे तीनच उरले होते. त्यापुढे सगळीकडे सरांचे लाल शेरे! मग काय, एका पानावर मांजर अधांतरी, दुसऱ्यावर बादलीच्या तोंडाशी, तिसऱ्यावर नुसतं शेपूट.

वाटलं, वाया गेलं. तरी पानं सोडली.

मांजर आलं. थांबलं. खाली बघतंय असं वाटलं. आता पडणार... नाही पडत... आणि धप्पकन आत!

पिंगी अशी खिंकाळली की सरांच्या हातातला खडू पडला.

"आण ती वही इकडे!"

सरांनी पानं सोडली. पुन्हा सोडली. मिशी थरथरली आणि सर चक्क खो खो हसले! मग भानावर येऊन म्हणाले, "वहीवर पालकांची सही हवी."

मी घरी गेले ती तरंगतच. मांजर थोडं थांबलं तर सर हसले. मग खूप थांबलं तर आई-बाबा लोळतीलच! सहीआधी त्यांना खूश करावं म्हणून एका नव्या कोऱ्या वहीत जवळजवळ प्रत्येक पानावर तेच उभं मांजर गिरवलं. पडायला शेवटची तीन पानं.

"बघा हं!" मी पानं सोडायला लागले.

मांजर उभं. अजून उभं. अजूनही उभंच.

आई म्हणाली, "छान काढलंयस गं. अगदी हुबेहूब एकसारखं."

"पण हे हलणार कधी?" बाबांनी विचारलं.

"थांबा ना, आता पडेल!"

मांजर पडलं तेव्हा आई पोळ्या करायला गेली होती आणि बाबा, हातात पेन तसंच धरून, घोरत होते.