सूनबाईंची कार्यमुक्ती

पोस्टचा मसुदा सातव्यांदा वाचून झाल्यावर सूनबाई म्हणाल्या, "'कृतज्ञ' दोनदा आलंय. एक काढू?"

"राहू दे," नवरा म्हणाला. "एक माझ्यासाठी, एक आईसाठी."

सहा वर्षांपूर्वी छोटीच्या जन्माच्या वेळी त्यांनी पंपाच्या कारखान्यातली गुणवत्ता तपासनिसाची नोकरी सोडली होती. आता दुसऱ्या कारखान्यात तीच जागा मिळाली होती, सोमवारी रुजू व्हायचं होतं. ही बातमी नोकरदारांच्या त्या प्रसिद्ध संकेतस्थळावर टाकणं भागच होतं, कारण तिथे टाकल्याशिवाय माणसाला नोकरी लागली आहे असं आजकाल कुणी धरत नाही.

पोस्ट छानच झाली होती. 'सहा वर्षांच्या विरामानंतर मी पुन्हा कामावर येत आहे. या काळात मी थांबले नव्हते. वेळेचं नियोजन, वाटाघाटी आणि आणीबाणी हाताळणं मी घरी शिकले. माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्यांची मी कृतज्ञ आहे. आता हिला जमेल का, असं विचारणाऱ्यांचीही कृतज्ञ आहे. जमेल.'

तेवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट घडली नसती. पण पोस्टसोबत स्वतःची माहितीही ताजी करावी असं संकेतस्थळाने सुचवलं. सहा वर्षांची पोकळी त्याला बघवत नव्हती.

"भर काहीतरी," नवरा म्हणाला. "पद: गृहव्यवस्थापन प्रमुख."

"संस्था विचारतंय. रिकामं सोडलं की लाल रेघ येते."

"आमचं घर."

"आणि कधीपर्यंत?"

"सध्या चालू. चालूच आहे की!"

दोघंही खूप हसले. बटण दाबलं. दुपारपर्यंत चारशे बारा लोकांनी पसंतीचे अंगठे दाखवले, जुन्या साहेबांनी 'अभिमान वाटतो' असं लिहिलं आणि एका अनोळखी गृहस्थाने 'आमचं घर'मध्ये जागा आहे का, अशी विचारणा केली.

बुधवारी नव्या कारखान्याच्या मनुष्यबळ अधिकाऱ्याचा फोन आला. आवाज मऊ होता, म्हणजे बातमी वाईट होती.

"मॅडम, पडताळणीत लाल शेरा आलाय. आमच्या अर्जात तुम्ही लिहिलंय, सहा वर्षं नोकरी नाही, बाळंतपणामुळे खंड. संकेतस्थळावर दिसतंय, सहा वर्षं 'आमचं घर'मध्ये प्रमुख. आणि अजून चालू! एका वेळी दोन नोकऱ्या आमच्याकडे चालत नाहीत."

"अहो, ते माझं घर आहे!"

"मला कळतं हो. पडताळणी बाहेरची एजन्सी करते, तिला कळत नाही. दोन कागद जुळले नाहीत की त्यांची यंत्रणा केस अडवते."

"मग मी ती ओळ आत्ता काढून टाकते."

"नका! नोंद झालीय. आता काढलीत तर माहिती लपवली असा दुसरा शेरा पडेल. त्यापेक्षा 'आमचं घर'चं कार्यमुक्ती पत्र आणा. वरिष्ठांची सही, तारीख, सोडण्याचं कारण. वरिष्ठांचा फोन नंबरही द्या, एजन्सीवाला विचारून खात्री करेल. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत केस बंद झाली नाही, तर सोमवारचं रुजू होणं रद्द होतं. ती जागा मग यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाते."

सूनबाईंनी फोन ठेवला आणि पत्र लिहायला घेतलं. जुन्या कारखान्यात त्या स्वतःच सगळ्यांना सुनावत असत, 'कागद नाही, तर काम झालंच नाही.'

"त्यात काय!" नवरा म्हणाला. "आई सही करेल. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं काम कुठल्या टेबलावर नेऊ नये, हे त्याला कळायला हवं होतं. त्याच्या आईने एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत एकतीस वर्षं हेडक्लार्की केली होती. त्यांनी चष्मा लावला, पत्र वाचलं आणि परत दिलं.

"चार्ज कुणाला दिला?"

"कसला चार्ज, आई?"

"कामाचा. चार्ज दिल्याशिवाय कार्यमुक्ती? एकतीस वर्षांत मी शिपायाला असं सोडलं नाही, मग प्रमुखाला सोडू?"

"अगं, ते गमतीत लिहिलं होतं," नवरा म्हणाला.

"सही गमतीत करू? उद्या फोनवर त्या माणसाने विचारलं, चार्ज दिला का, तर मी खोटं सांगायचं?" मग त्या सुनेकडे वळल्या. "तू यादी कर. आणि तू रे, रजा टाक. चार्ज तू घेणार आहेस."

यादी त्रेचाळीस कलमांची झाली. गुरुवारी नवरा वही घेऊन बायकोच्या मागे घरभर फिरला. कलम सात: छोटीचे मोजे जोडीने सापडत नाहीत, ते शोधू नयेत, मिळतील ते घालावेत. कलम अठरा: खोकला दोन प्रकारचा असतो, एक डॉक्टरांचा आणि एक शाळेचा.

"फरक कसा ओळखायचा?"

"शाळेचा खोकला साडेआठनंतर थांबतो."

कलम चोवीसपाशी तो खुर्चीत बसला. "हे सगळं रोज?"

"एकतीस ते चाळीस फक्त शनिवारी," सूनबाई म्हणाल्या.

प्रत्येक कलमापुढे त्याने 'समजले' लिहून सही केली. कलम अठरापुढे आईने 'समजले'वर काट मारून 'समजावून सांगितले' असं केलं. शुक्रवारी सकाळी पत्रावर सही झाली, पत्र गेलं आणि चार वाजता एजन्सीवाल्याचा फोन आला. सासूबाईंनी तो स्पीकरवर ठेवला. सूनबाई दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"पद आणि कालावधी बरोबर आहे?"

"बरोबर. एकही रजा नाही. आजारपणातसुद्धा हजर."

"वर्तणूक?"

"चोख. उलट उत्तरं देते, पण ती बरोबर असतात."

"सोडण्याचं कारण?"

"तिला दुसरं काम येतं. चांगलं येतं."

सूनबाईंनी मान खाली घातली.

"शेवटचा प्रश्न. त्यांना पुन्हा कामावर घ्याल का?"

"नाही," सासूबाई ठामपणे म्हणाल्या.

नवरा हातवारे करू लागला. पलीकडून कळफलकाची टकटक ऐकू आली.

"बाई, 'नाही' लिहिलं की लाल शेरा पडतो. नोकरी जाईल हो त्यांची. 'हो' म्हणता का?"

"आई, हो म्हण ना!"

"गप्प बस. अहो, 'हो' लिहिलंत तर उद्या हा घरात अडला की हिला परत बोलावेल. म्हणून 'नाही'. तुमच्या त्या यंत्रणेत कारणाला जागा आहे का?"

"यादी आहे. गैरवर्तन, असमाधानकारक काम, पद रद्द..."

"थांबा. पद रद्दचा शेरा कुठल्या रंगाचा?"

एजन्सीवाला थोडा वेळ शोधत राहिला. "हिरवा, बाई. त्यात कर्मचाऱ्याचा दोष नसतो."

"मग तेच लिहा. पद रद्द. काम तिघांत वाटून दिलंय."

पाच वाजता मनुष्यबळ अधिकाऱ्याचा निरोप आला: केस बंद, सोमवारी साडेआठला या. सूनबाईंनी सासूबाईंचे दोन्ही हात धरले, पण पोस्टमध्ये दोनदा लिहिलेला तो शब्द त्यांना एकदाही म्हणता आला नाही.

नवऱ्यालाही हायसं वाटलं. एकट्यावर येईल ही भीती गेली होती.

"बरं केलंस आई, तिघांत वाटलंस ते. तिघं म्हणजे कोण कोण?"

सासूबाईंनी चष्मा पुसून डबीत ठेवला.

"सकाळी तू, संध्याकाळी तू, आणि शनिवारी तू."