पहिल्या वेलांटीची मिठी

"आमच्या घरात प्रेम दाखवावं लागत नाही!" निरंजनने चहाचा ग्लास टेबलावर असा ठेवला, जणू खटल्याचा निकालच दिला. "मुरलंय ते. लोणच्यासारखं!"

"लोणचं रोज हलवावं लागतं," समाधान म्हणाला. "नाहीतर बुरशी येते."

माती तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत समाधान नमुने वाळवायचा आणि निरंजन त्यांचं रसायन काढायचा. त्यामुळे लोणच्यावरचं समाधानचं मत निरंजनने अशास्त्रीय म्हणून फेटाळलं. समाधान संध्याकाळी बायकोचा हात धरून फिरायला जातो, यावरून विषय निघाला होता.

"तुमची अजून रिअ‍ॅक्शन चालू आहे," निरंजन समजावू लागला. "आमची साम्यावस्था आली. साम्यावस्थेत रंग बदलत नाही, बुडबुडे येत नाहीत. बाहेरून सगळं शांत! पण आत दोन्ही बाजूंनी देवघेव चालूच असते."

"आणि रिअ‍ॅक्शन मरून गेली असेल तर बाहेरून कसं दिसतं?"

"तेही शांतच."

"मग तुमचं कोणतं ते कसं समजायचं, साहेब?"

निरंजनला तेवढ्यात एक महत्त्वाचा नमुना आठवला आणि तो उठून गेला.

खरं तर लग्नानंतरची पहिली काही वर्षं बऱ्हाणपूरच्या लालबागमधल्या निरंजनच्या घरात मिठ्यांना तोटा नव्हता. त्याची बायको मृणाल नाशिकची. 'मिठी' हा शब्द तिनेच बऱ्हाणपुरात आणला. इकडे घरात मराठी बोलतात, पण 'मिठी' नाही म्हणत. इकडे 'गळे मिळतात'. लग्नानंतर एकदा तिने फोनवर लाडात सांगितलं होतं, "येताना एक मिठी हवी हं." निरंजनच्या हिंदी कानाने त्यातली पहिली वेलांटी दुसरी करून ऐकली, मिठीची 'मीठी' म्हणजे गोड वस्तू झाली, आणि तो शनवाऱ्याच्या बाजारातून पाव किलो मावा जिलेबी घेऊन आला! मृणाल हसून हसून पलंगावरून पडली होती. त्या दिवशी दोन्ही वेलांट्या मिळाल्या.

मग मिठ्या थांबल्या. थांबवायचा ठराव मात्र कुणी केला नव्हता. मिठीची जागा ठरलेली होती, दाराशी, जाताना आणि येताना. आई-वडील राहायला आले आणि दाराशेजारच्या खुर्चीत वडील पेपर घेऊन बसू लागले. पेपरासमोर कोण मिठी मारणार? झोपायला लेक निशा मध्ये आली. सोफ्यावर फोन मध्ये आला. राहिले ते कामाचे स्पर्श. डबा देताना, ताप बघताना. हात धरायचा तो फक्त रस्ता ओलांडताना! कारणाशिवाय जवळ जायचं नाही हे दोघांच्याही इतकं अंगवळणी पडलं, की परवा टॉवेल घेताना बोटाला बोट लागलं तर मृणाल "सॉरी" म्हणाली. निरंजनही "इट्स ओके" म्हणाला. आणि त्यात काही वावगं झालं असं त्याला वाटलं नाही!

वाटलं ते समाधानशी वाद झाला त्याच दुपारी. मृणाल शिकवते त्या शाळेतली चारुलता फोनवर वडिलांच्या शेताच्या मातीचा अहवाल विचारत होती. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "भाऊजी, मृणाल इंदूरला गेली की आम्हाला करमणार नाही हो! शनिवारी होकार कळवायचा आहे ना तिला?"

"हो... हो ना," निरंजन म्हणाला. कसला होकार हे त्याला मुळीच माहीत नव्हतं. त्याने चारुलतालाच बोलतं ठेवून माहिती काढली. शाळेच्या इंदूरच्या शाखेत उपमुख्याध्यापिकेची जागा. दोन वर्षं. निशाला सोबत नेणार.

आता कुणीही शहाणा माणूस घरी जाऊन विचारेल, "काय गं, हे खरं का?" पण विचारणं म्हणजे आपल्याला माहीत नव्हतं हे कबूल करणं! निरंजनने शास्त्रीय मार्ग धरला. साम्यावस्था जिवंत आहे की नाही हे पाहायचं, तर तिला धक्का द्यायचा. जिवंत असेल तर ती प्रतिसाद देते!

पहिला धक्का स्वयंपाकघरात. मृणाल पोळ्या लाटत होती. निरंजनने मागून जाऊन दोन्ही हातांनी तिला कवेत घेतलं. ती लाटण्यासकट ताठ झाली.

"काय हरवलं?"

"काही नाही."

"मग गाडी ठोकलीस का?"

"अगं, सहज!"

"सहज?" तिने वळून त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, ज्या नजरेने मेडिकलवाला जुनी चिठ्ठी पाहतो. "बाजूला हो, तवा तापलाय."

दुसरा धक्का शनवाऱ्याच्या बाजारात. समोर रस्ता नव्हता, गाडी नव्हती, तरी निरंजनने तिचा हात धरला. मृणालने लगेच भाजीची पिशवी खाली ठेवली आणि त्याला दुकानाच्या पायरीवर बसवलं. "चक्कर येतेय ना? दुपारी जेवला नाहीस ना?" भाजीवालीने त्याच्या तोंडावर पाणी मारलं!

शुक्रवारी संध्याकाळी त्याने अंगणात टाकीआड उभं राहून समाधानला फोन लावला. "अरे समाधान, मिठी एकदम बंद झालीय! आधी सकाळ-संध्याकाळ व्हायची. आता अंगालाच सोसत नाही... हो, मला भीती वाटतेय. पण मृणालला कळता कामा नये!"

नेमकी त्याच वेळी बहादरपूरची मालूबाई मावशी केळीचा घड घेऊन फाटकातून आत येत होती. मावशीच्या कानात आयुष्यात 'मिठी' शिरली नव्हती. शिरली ती 'मीठी'! मीठी बंद झाली, अंगाला सोसत नाही, भीती वाटते, बायकोला सांगू नको. मावशीने घड तिथेच टाकला आणि ओसरीवर येऊन बहिणीच्या, म्हणजे निरंजनच्या आईच्या, गळ्यात पडली.

"वंदे, पोराले शक्कर झाली वं!"

पुढचं सगळं फार वेगाने झालं. रात्रीच्या जेवणात निरंजनला कारल्याची भाजी मिळाली. सकाळी चहा बिनसाखरेचा. त्याला वाटलं, साखर संपली असेल. मग आईने एक वाटी हिरवा रस पुढे केला. "पी बेटा. थोडा कडू आहे. सवाल नको करू." वडिलांनी, म्हणजे प्रभाकररावांनी, पेपर खाली करून त्याच्याकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि पेपर वर केला. आणि मृणाल? तिने डबा हातात न देता टेबलावर ठेवला आणि निघून गेली.

हा प्रतिसाद नव्हे, हे त्यालाही कळलं. शनिवार उजाडला होता!

शेवटचा उपाय म्हणून अर्धी सुटी टाकून तो शनवाऱ्यात गेला. मावा जिलेबी! जुनी आठवण! बघताक्षणी ती हसेल. पण तोंडात अजून कारल्याच्या रसाचा कडवटपणा होता. स्कूटर उभी करून त्याने एक तुकडा तोडला, मग दुसरा, आणि लालबाग येईपर्यंत पुडा निम्मा झाला होता.

घरात पंचायत बसलेली होती. आई, वडील, मावशी आणि मध्ये मृणाल. मावशीची नजर पुड्यावर पडली.

"जहर आनलं घरात! बस खाली!"

मावशीला स्वतःला शक्कर. तिच्या पिशवीत पैशांआधी रक्तातली साखर मोजायचं मशीन असायचं. "सुई नवी लावा हं, मावशी," एवढंच मृणाल म्हणाली. निरंजन "अहो पण..." म्हणेपर्यंत बोट टोचलं गेलं. रक्ताचा थेंब पट्टीवर चढला. मशीनवर आकडाच आला नाही. आकड्याच्या पलीकडे गेल्यावर येतात ती 'HI' अक्षरं आली.

"हाय?" प्रभाकरराव चष्म्यातून वाचून म्हणाले.

"मशीन बी हाय हाय करून राहिली वं!" मावशीने डोळ्याला पदर लावला.

"नमुना दूषित आहे!" निरंजन ओरडला. "बोटाला पाक लागलाय! हात धुवून घ्यायला पाहिजे!"

"अहो, आता तरी लपवू नका," मृणाल म्हणाली. चारचौघांत ती त्याला 'अहो' म्हणायची. तिने मशीनच्या पेटीतला कापूस काढून त्याचं टोचलेलं बोट दाबून धरलं. "शुगरचं मला काही वाटलं नाही. होते माणसाला. पण ते समाधानला आधी कळतं? आणि मला कळता कामा नये? मी कोण आहे तुझी?" 'अहो' गळून पडलं होतं.

"अगं, मीठी नव्हे! मिठी! मिठी बंद झाली म्हणत होतो मी! आपली!"

पेपर हळूहळू वर गेला.

"म्हंजे काय रे?" मावशीने विचारलं.

निरंजनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "म्हणजे... गळे मिळणं, मावशी."

"गळे मिळनं?" मावशी चक्रावली. "ते तं कोनी घर सोडून जातांना मिळतेत. बिदाईले. कोन चाललं?"

मग मृणाल हळूच म्हणाली, "मी."

आईच्या हातातली हिरव्या रसाची वाटी तिरकी झाली.

"इंदूरला जागा आहे. आज कळवायचंय," ती म्हणाली.

"मला माहीत आहे," निरंजन म्हणाला. "चारुलताने सांगितलं."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू सांगितलं का नाहीस?"

"सांगायला आले होते. तू फोनमधून मान न काढता म्हणालास, 'तुला ठीक वाटेल ते कर.' कशाबद्दल, हे तरी कुठे ऐकलंस!" तिने कापूस आणखी दाबला. "मिठी कमी झाली म्हणून मी नाही रडत, निरंजन. दमतो आपण. घर भरलेलं असतं. पण आधी मिठी गेली, मग विचारणं गेलं, मग सांगणं गेलं. मला वाटलं, इथे काय नि तिथे काय, सारखंच."

"सारखं नाही," तो म्हणाला. एरवी याचं कारण त्याने रसायनात सांगितलं असतं. आज त्याला एकही समीकरण सुचलं नाही. "तू गेलीस तर मला चालणार नाही. म्हणजे तुला जायचं असेल तर जा, पण मला चालणार नाही. हे मी तेव्हा म्हणायला पाहिजे होतं."

मृणालने नाक ओढलं. "सोमवारपर्यंत मुदत मागते. बसून ठरवू. दोघं."

तेवढ्यात निरंजनच्या एक गोष्ट लक्षात आली. रक्त केव्हाच थांबलं होतं. कापूस खाली पडला होता. तिने बोट सोडलं नव्हतं. इतक्या भांडणात सोडलं नव्हतं! हे तिला सांगायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण निरीक्षण केल्याने प्रयोग बिघडतो, हे तो शिकलेला होता.

"मंग मिळा ना गळे!" मावशी वैतागली. "आम्ही काय डोळे मिटून बसू?"

खरोखरच सगळ्यांनी डोळे मिटले. प्रभाकररावांनी पेपर डोक्यावरच घेतला. मिठी जरा अवघडलेली झाली. निरंजनचा चष्मा तिच्या कानातल्यात अडकला. "काय हरवलं?" असं मात्र या वेळी तिने विचारलं नाही.

"आता हात धू," डोळे उघडून मावशी म्हणाली, "अन् दुसरं बोट दे. खातरी करू."

निरंजनने अगदी शास्त्रशुद्धपणे साबणाने हात धुतले, कोरडे केले आणि ऐटीत बोट पुढे केलं. आकडा आला. मावशीने पाहिला, मृणालने पाहिला, मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सोमवारी उपाशीपोटी पॅथॉलॉजी लॅबमध्येही तपासून झालं. मधुमेह नव्हता, पण निरंजन त्याच्या काठावर, अगदी पाय लोंबकळवत बसला होता.

त्यामुळे सध्या लालबागच्या त्या घरात पहिली वेलांटी दाराशी, पेपरासमोर, सकाळ-संध्याकाळ चालू आहे. दुसरी कायमची बंद. इंदूरचं दोघांनी बसून ठरवलं, या वर्षी नाही. आणि उरलेली अर्धी जिलेबी समाधानने खाल्ली.